सेटच्या पेपर एकमधले 30 गुण: पास झालेल्यांनी छोटी ऑनलाइन शिकवणी कशी उभी करावी

सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचा, म्हणजे सेटचा, निकाल लागला की आठवड्याभरात फोन सुरू होतात. "मॅडम, नोट्स मिळतील का?" विचारणारे बहुतेक जण एम.ए. झालेले असतात, वसई, कल्याण, पनवेल अशा ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवत असतात आणि रात्री नऊला घरी पोचतात. दादरच्या क्लासला जाणं त्यांना पैशाने परवडत नाही आणि वेळेनेही. मी मराठीत सेट झाले. पहिलं वर्षभर नोट्स फुकट वाटल्या, नंतर छोटी ऑनलाइन शिकवणी सुरू केली. ती कशी उभी केली आणि कुठे चुकले, ते इथे क्रमाने सांगते. उदाहरण सेटचं आहे, कारण ती परीक्षा मी आतून पाहिली आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: शिकवायचं नक्की काय? "सेटची तयारी" असं म्हणाल तर तुमच्यापुढे मोठे क्लासेस, यूट्यूबवरची फुकट व्याख्यानं आणि बाजारातली जाडजूड गाइडं उभी राहतात. सगळ्या विषयांना सारख्याच असलेल्या पेपर एकमध्ये 50 प्रश्न, 100 गुण आणि एक तास असतो. अभ्यासक्रमात दहा घटक आहेत, म्हणजे घटकाला साधारण पाच प्रश्न. त्यातले गणिती तर्क, तार्किक युक्तिवाद आणि माहितीचं विश्लेषण हे तीन घटक मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेतलेली मुलं चक्क सोडून देतात. हिशेब करा: 15 प्रश्न, 30 गुण. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण 6 टक्केच पात्र ठरतात, आणि खुल्या प्रवर्गाला एकूण 40 टक्के, राखीवला 35 टक्के ही किमान पायरी आधी ओलांडावी लागते. तिथे 30 गुणांवर पाणी सोडणं महाग पडतं. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मी फक्त या तीन घटकांची शिकवणी घेते, तीही मराठीतून आणि कला शाखेच्या मुलांसाठी. तुम्ही वाणिज्य किंवा शिक्षणशास्त्रातून सेट असाल तर तुमचा तुकडा वेगळा असेल. पण तो एवढाच लहान असू द्या, की कोणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल.

शिकवायची मोकळीक आहे का, हे आधी पाहा

हे शेवटी पाहणारे पुढे अडचणीत येतात. पूर्णवेळ प्राध्यापक असाल तर युजीसीच्या 2018 च्या नियमावलीतली आचारसंहिता वाचा. मूळ कामात अडथळा आणू शकणाऱ्या खासगी शिकवण्यांपासून आणि कोचिंग क्लासपासून शिक्षकाने दूर राहावं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. एमपीएससीतून सरकारी नोकरीत गेला असाल तर पूर्वपरवानगीशिवाय असा व्यवसाय करता येत नाही. तासिका तत्त्वावरच्यांनी नेमणूकपत्रातल्या अटी पाहाव्यात, आणि शंका असेल तर प्राचार्यांना दोन ओळींचा अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावं. मी तसा अर्ज दिला. उत्तर यायला तीन आठवडे लागले, म्हणून पहिली बॅच महिनाभर पुढे ढकलली. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पैशाची बाजू साधी आहे. सेवांच्या विक्रीत वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि छोटी शिकवणी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण मिळालेली फी हे उत्पन्नच आहे, ते आयकर विवरणपत्रात दाखवायचं. त्यासाठी एक वही ठेवा: तारीख, नाव, रक्कम, कशासाठी.

नोट्सचं खरं मोल कुठे आहे

मी परीक्षेसाठी काढलेल्या नोट्स जशाच्या तशा कोणाच्याही उपयोगाच्या नव्हत्या. त्यात मला आधीच येत होतं ते गाळलेलं होतं आणि गाइडमधले उतारे हाताने उतरवलेले होते. पास झाल्यावर लोक पहिली चूक करतात ती हीच: वही स्कॅन करून विकायला काढतात. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर, आकृत्या किंवा सोडवलेली उदाहरणं उचलली असतील तर तो स्वामित्वहक्काचा भंग आहे, मग फी पन्नास रुपये का असेना. नियम, सूत्रं, संकल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात. त्या समजावून सांगणारी वाक्यं आणि उदाहरणं मात्र तुमची स्वतःची हवीत. जुन्या प्रश्नपत्रिकाही पुस्तिकेत छापून विकू नका. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि जुने पेपर परीक्षेच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलांना तिथूनच उतरवून घ्यायला सांगा आणि नोट्समध्ये त्याच धाटणीचे नवे प्रश्न घाला.

नवे प्रश्न घालायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते, कारण माझी सगळी शिकवणी याच एका गोष्टीवर उभी आहे. तार्किक युक्तिवादात असा प्रश्न येऊ शकतो: "सर्व कवी वाचक आहेत" हे विधान खोटं असेल, तर निश्चितपणे खरं काय? पर्यायांत "कोणताही कवी वाचक नाही" आणि "काही कवी वाचक नाहीत" ही दोन्ही विधानं असतात. आमच्या मुलांपैकी बरीच पहिलं निवडतात. उत्तर दुसरं आहे. सगळे कवी वाचक आहेत हे खोटं ठरवायला एक न वाचणारा कवी सापडला तरी पुरे; सगळ्यांनीच वाचणं सोडण्याची गरज नाही.

मुलं हुशार असूनही हे का चुकतं, यावर मी बरेच दिवस विचार केला. दोष मराठी वाक्यरचनेत सापडला. "सर्व कवी वाचक नाहीत" या वाक्याचे आपण दोन अर्थ लावतो. एक, कवींपैकी कोणीच वाचत नाही. दोन, सगळेच काही वाचत नाहीत, काही वाचतात. बोलताना आवाजाच्या हेलावरून अर्थ कळतो, कागदावर हेल नसतो. म्हणून मी मुलांना सवय लावते, की "सर्व… नाहीत" दिसलं की थांबायचं आणि ते "एकही नाही" किंवा "काही नाहीत" या दोहोंपैकी कशात बसतं ते पेन्सिलीने वर लिहायचं. पेपर एकमध्ये मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असतो, अडलं तर ती ओळ पाहायची. इंग्रजीतून शिकवणाऱ्या व्हिडिओत हे कोणी सांगणार नाही, कारण त्यांच्यापुढे ही अडचणच येत नाही. तुमच्या नोट्सच्या निम्म्या पानांवर तरी असं काही हवं, जे फक्त तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला अडलं होतं आणि सुटलं होतं.

माहितीच्या विश्लेषणातही तसंच. महाविद्यालयाची पटसंख्या 800 वरून 1000 झाली, म्हणजे 25 टक्के वाढ. पुढच्या वर्षी ती पुन्हा 800 वर आली तर घट किती? हमखास उत्तर येतं 25. खरं उत्तर 20, कारण आता पाया 1000 चा आहे. शेकडेवारीचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. भागायचं कशाने, तिथे गडबड होते. म्हणून माझ्या नोट्समध्ये सूत्रांचं एकच पान आहे आणि "पाया कुठला?" या प्रश्नाची सहा पानं.

सगळी मिळून पुस्तिका 64 पानांची झाली. सुरुवातीला 140 पानांची होती. पहिल्या बॅचला विचारलं तेव्हा कळलं, की चाळीस पानांपलीकडे कोणी गेलंच नव्हतं.

फी कशी ठरवावी

"कमी फी" म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे. तास मोजा. माझी बॅच सहा आठवड्यांची आहे, मंगळवार आणि शुक्रवार, एकूण 12 वर्ग. वर्गांचे साधारण 12 तास. प्रत्येक वर्गाच्या तयारीला पहिल्या वेळी दोन तास, म्हणजे 24. चार सराव चाचण्या आणि 20 मुलं, प्रत्येक उत्तरपत्रिकेला दहा मिनिटं धरली तर सुमारे 13 तास. शंकांना रोज अर्धा तास, 42 दिवसांचे 21. एकूण 70 तास झाले.

वीस जागांपैकी दोन मी फी न घेता देते. उरलेल्या 18 जणांकडून प्रत्येकी 900 रुपये, म्हणजे 16,200. सत्तर तासांनी भागलं तर तासाला 231 रुपये. तोच अभ्यासक्रम पुन्हा शिकवला तेव्हा तयारीचे 24 तास आठवर आले, एकूण 54 तास झाले, आणि तासाला 300 पडले. फी न वाढवता मिळकत वाढते ती अशी. म्हणूनच दरवेळी नवा अभ्यासक्रम काढायचा मोह आवरा.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला नव्हता. 400 रुपये फी ठेवली आणि 35 जण घेतले. चौथ्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासणं हाताबाहेर गेलं, काहींना शेवटपर्यंत परत मिळाल्या नाहीत. त्यांचे पैसे मी परत केले, पण त्यांची परीक्षा काही परत येणार नव्हती. वीस ही मर्यादा तिथून आली.

पुस्तिका वेगळी हवी असेल तर 150 रुपये. हा आकडा झेरॉक्सच्या दरावरून काढला आहे. पानाला दोन रुपये धरले तर 64 पानांचे 128 होतात. मित्राची प्रत झेरॉक्स करून जेमतेम वीसेक रुपये वाचतात, मग बरेच जण सरळ विकत घेतात. तीच पुस्तिका 500 ला ठेवली असती तर दोन दिवसांत टेलिग्रामवर फिरली असती.

फी दोन हप्त्यांत घ्या. आणि पैसे परत करण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा: तिसऱ्या वर्गाआधी सोडलं तर पूर्ण फी परत, त्यानंतर नाही, पुस्तिका पाठवल्यावर तिचे पैसे परत नाहीत.

पैसे घेणं आणि पुस्तिका पाठवणं

वीस जणांसाठी पेमेंट गेटवे लागत नाही, यूपीआय पुरतं. पण एक शिस्त पाळा: पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नका. तसा स्क्रीनशॉट बनवता येतो, आणि मला एकदा बनवलेला आला आहे. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसल्यावरच पुस्तिका पाठवायची, मग समोरचा कितीही घाई करो. त्यासाठी मी वेळ ठरवली आहे: रोज रात्री साडेआठला जमा तपासते आणि एकदमच सगळ्यांना पाठवते.

पीडीएफ फुटण्यापासून पूर्ण वाचवता येत नाही. गुगल ड्राइव्हवर डाउनलोड बंद केलं तरी स्क्रीनशॉट घेता येतो. पासवर्ड घातला तर तो पासवर्डही पीडीएफबरोबर फिरतो. उपयोगी पडतं ते एकच: प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. स्वतःचं नाव असलेली प्रत लोक सहसा गटात टाकत नाहीत. वर्डमध्ये तळटीप बदलून प्रत काढता येते. लॅपटॉपवर pdftk हे कमांडने चालणारं पीडीएफचं साधन असेल तर नावाचं एक पान नुसतं तळाच्या ओळीपुरतं तयार करून ते सगळ्या पानांवर उमटवता येतं. फक्त त्या पानाची पार्श्वभूमी पारदर्शक हवी, नाहीतर खालचा मजकूर झाकला जाईल:

```
pdftk notes.pdf stamp naav.pdf output notes-naav.pdf
```

हे नाव छापणार आहात, हे पैसे घेण्याआधीच सांगा. लोकांच्या नंबराचा प्रश्न आहे. त्याच कारणाने मी व्हॉट्सॲप गट करत नाही. गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि पहिल्या बॅचमध्ये दोन मुलींना अनोळखी मेसेज येऊ लागले होते. आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. तिच्यात अडचण एवढीच, की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रवेशाच्या पहिल्याच निरोपात "माझा नंबर सेव्ह करून 'केला' असं उत्तर पाठवा" असं लिहिते. उत्तर आलं नाही तर फोन करते.

वर्ग

वेळ साडेनऊची. त्याआधी ठेवला की अर्धी मुलं लोकलमधून ऐकतात, आणि कुर्ला ते ठाणे या पट्ट्यात गर्दीत गणित सोडवायला हात मोकळे नसतात. गुगल मीटवर फुकट खात्यात तीन किंवा जास्त जणांची भेट एक तास चालते, झूमच्या फुकट खात्यात 40 मिनिटं. मी मीट वापरते आणि वर्ग 55 मिनिटांतच बसवते. मर्यादा आहे तशी घेतलेली बरी. दिवसभराच्या दमछाकीनंतर त्यापुढे कोणाचंही लक्ष राहत नाही.

पंचावन्न मिनिटांची विभागणी अशी: पहिली दहा मिनिटं मागच्या चाचणीतली सर्वांत जास्त लोकांची चुकलेली दोन उदाहरणं. मग पंचवीस मिनिटं एकच नवी गोष्ट. उरलेल्या वेळात मुलं सोडवतात, मी गप्प बसते. गप्प बसणं मला जमत नव्हतं. पण जिथे मी बोलत राहिले त्या वर्गांच्या चाचण्यांत गुण कमीच आले.

फुकट खात्यात रेकॉर्डिंग होत नाही. लॅपटॉपवर ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावून मी स्क्रीन रेकॉर्ड करते आणि फक्त दुवा असलेल्यांनाच दिसेल अशा पद्धतीने यूट्यूबवर टाकते. पावसाळ्यात गाड्या रखडतात त्या दिवशी निम्मी बॅच रेकॉर्डिंगवरच असते. त्यात मुलांचे चेहरे आणि आवाज येऊ देऊ नका, फक्त तुमचा फळा यावा.

चुकांची वही

प्रवेश देताना मी प्रत्येकाला एका जुन्या पेपरमधले या तीन घटकांचे 15 प्रश्न घड्याळ लावून सोडवायला सांगते. 50 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद, आणि 15 प्रश्नांना 18 मिनिटं. पुढे प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहायचं: कल्पनाच कळली नाही तर "क", प्रश्नाची भाषा कळली नाही तर "भ", वेळ संपला तर "व", आणि अंदाजाने खूण केली तर "अ", उत्तर बरोबर आलं असलं तरीही.

एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. इतिहासाची, लग्नानंतर नऊ वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसलेली. पहिल्या चाचणीत 15 पैकी 5 बरोबर, त्यातले तीन अंदाजाचे. चुकलेल्या दहांत क दोन, भ पाच, व तीन. ती म्हणत होती, "ताई, मला गणितच येत नाही." कागद वेगळं सांगत होता: कल्पनेच्या चुका दोनच, अडचण प्रश्न वाचण्यात होती. तिला आम्ही नवी सूत्रं दिली नाहीत. दोन आठवडे फक्त प्रश्नातली माहिती दोन ओळींत पुन्हा लिहायला लावली आणि उत्तर काढू दिलं नाही. चौथ्या चाचणीत 11 बरोबर आले, अंदाजाचा एकच. आकडा सहाने वाढला, पण मला जास्त समाधान "भ" पाचवरून एकवर आला याचं होतं.

हे काम पीडीएफ करू शकत नाही आणि ते चोरताही येत नाही. 900 रुपये खरे यासाठी आहेत. उलट चौथ्या चाचणीतही एखाद्याचे "क" तेवढेच राहिले तर सहा आठवडे त्याला पुरणार नाहीत, हे स्पष्ट सांगा आणि पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात करायला लावा.

जाहिरात करताना

स्वतःचा निकाल दाखवा, बैठक क्रमांक झाकून. "माझ्या बॅचमधून इतके पास" हे तेव्हाच लिहा, जेव्हा बॅचमध्ये एकूण किती होते हेही त्याच ओळीत लिहाल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्यांसाठी आहेत. पण खोट्या दाव्यांना ग्राहक कायद्यात लहान शिकवणीलाही सूट नाही. विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्या. प्रवेशाच्या वेळी घेतलेली संमती मी धरत नाही.

माझे पहिले नऊ विद्यार्थी जाहिरातीने आले नाहीत. "सर्व… नाहीत" या एका मुद्द्यावर एक पान लिहिलं आणि ओळखीच्या चार प्राध्यापकांना पाठवलं. त्यांनी ते आपापल्या विभागांत पुढे दिलं.

वेळ मात्र साधायला हवी. 39वी सेट 7 एप्रिल 2024 ला झाली, 40वी 15 जून 2025 ला. तारीख दरवर्षी सरकते, म्हणून बॅच कॅलेंडरवर बांधू नका. अधिसूचना आली की आठवड्याच्या आत प्रवेश उघडा आणि शेवटचा वर्ग परीक्षेच्या किमान दहा दिवस आधी संपवा, म्हणजे मुलांना आपापल्या विषयाच्या पेपर दोनसाठी मोकळा वेळ मिळेल. परीक्षा लांबणीवर पडली तर दर आठवड्याला एक चाचणी पाठवत राहा, त्याची वेगळी फी घेऊ नका.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी कोणाचीही उत्तरं तपासत बसू नका; प्रत्येकाने नुसतं आठवेल ते लिहून पाठवावं. उत्तरतालिका प्रसिद्ध झाली की त्या पेपरमधले 15 प्रश्न बॅचबरोबर एका वर्गात सोडवा आणि पुस्तिकेतल्या कुठल्या पानाचा उपयोग झाला, कुठल्याचा नाही, ते मुलांनाच विचारून समासात लिहून घ्या. गेल्या वेळी अशी सात पानं निघाली. ती काढून टाकली आणि त्यांच्या जागी मुलांच्या चुका घातल्या.